काटा एकदाच टोचावा



मंडळाच्या मराठी शाळेत दर शनिवारी बाराखडीचा तास संपला की मोठ्या मुलांसाठी आम्ही तासभर कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करण्याचा वर्ग घेतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मुलांना न्यायला आलेले पालक दाराशी विचारतात, "काय हो, शिकवता तरी काय नेमकं?" बर्फाचे बूट चढवता चढवता या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून या अंकात वर्गातल्या एकाच दुखण्याविषयी सविस्तर लिहावं असं ठरवलं. खेळ लिहायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हे दुखणं एकदा तरी होतं, आणि पूर्वी गोवर यायचा तसं ते बहुतेक पहिल्याच खेळात होतं.

दुखणं असं. खेळात एक नायक असतो, त्याच्या अंगात १०० गुणांची ताकद असते. वाटेत काटे, निखारे, साप असे अडथळे असतात. काटा लागला की १० गुण कमी, असं मुलगा ठरवतो. म्हणजे दहा वेळा काटा टोचला तरच नायक मरायला हवा. प्रत्यक्षात मात्र पहिल्याच काट्याला पाय लागतो न लागतो तोच नायक गतप्राण होतो.

या हिवाळ्यात हे एका नववीतल्या मुलाच्या खेळात झालं. त्याचे आजोबा साताऱ्याकडून सहा महिन्यांसाठी आले होते आणि परत जायला तीन आठवडे उरले होते. आजोबांनी तरुणपणी पुष्कळ गड पायी पालथे घातलेले. नातवाला मराठी समजतं, पण बोलताना अडखळतो, आणि आजोबांना इंग्रजीचा कंटाळा. तेव्हा दोघांना मिळून काही करता यावं म्हणून त्याने गड चढणाऱ्या मावळ्याचा खेळ लिहायला घेतला होता. वाटेत निवडुंगाचे काटे आणि वर पोचल्यावर नगारा. आजोबांनी चार वेळा खेळून पाहिला. चारही वेळा मावळा पहिल्याच काट्यावर आडवा. तेव्हा ते कीबोर्ड बाजूला सारून म्हणाले, "बाळा, माझा हात आता थरथरतो रे. हे तुम्हा मुलांचं काम." मुलाने ते खरं धरलं. शनिवारी आमच्याकडे आला तेव्हा त्याची मागणी एवढीच होती, "काका, खेळ सोपा कसा करायचा? आजोबांना जमत नाही."

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. कुठलंही मोजमाप अंगावर आलं की आधी त्याचं एकक विचारायचं, ही सवय पीएच.डी.च्या वर्षांत हाडीमाशी मुरलेली आहे. मुलाला विचारलं, "१० गुण कमी होतात, ते कशामागे?" तो म्हणाला, "एका काट्यामागे." मग त्याची ओळ पाहिली. त्याने पायथन भाषेत, पायगेम वापरून असं लिहिलं होतं:

```python
if player.colliderect(kaata):
    health -= 10
```

अर्थ सरळ आहे. मावळ्याचा चौकोन काट्याच्या चौकोनावर आलेला असेल, तर ताकद दहाने कमी कर. पण या दोन ओळी कधी वाचल्या जातात, तिथे खरी गोम आहे.

पडद्यावरचा खेळ म्हणजे सिनेमाची रीळच असते. एका सेकंदात ६० चित्रं एकामागून एक काढली जातात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमला प्रोग्रॅम तीच फेरी नव्याने मारतो: कुठलं बटण दाबलंय ते बघ, मावळ्याला थोडा पुढे सरकव, काट्याला लागलाय का ते बघ, चित्र काढ. मुलाच्या मनात प्रश्न होता, "काटा टोचला का?" प्रोग्रॅमला मात्र त्याने विचारलं होतं, "या क्षणी मावळा काट्यावर आहे का?" टोचणं ही एक घटना आहे, ती एकदा घडते. काट्यावर असणं ही एक अवस्था आहे, ती काही काळ टिकते. ती टिकून असेपर्यंत दर फ्रेमला उत्तर 'हो' येतं आणि दर फ्रेमला दहा गुण जातात. म्हणजे खरं एकक निघालं 'दहा गुण प्रति फ्रेम'. सेकंदाला ६००!

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, ब्युरेटमधून एक थेंब टाकला अशी मुलाची समजूत होती. प्रत्यक्षात त्याने तोटी उघडून तशीच सोडली होती.

समजूत पटली तरी पुरावा हवा. दुसऱ्या ओळीखाली `print(health)` लिहायला लावलं आणि मावळ्याला एकदाच काट्यावरून नेलं. पडद्यावर ९०, ८०, ७० असं करत शून्यापर्यंत दहा आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत उमटले. दहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. खेळ घडाघडा आकडे ओकतो तेव्हा रोग नक्की हाच. दुसरी खूण अशी की हाच खेळ एखाद्या जुन्या, मंद लॅपटॉपवर चालवला, आणि त्याला सेकंदाला ३० फ्रेमच जमल्या, तर मावळा दुप्पट वेळ जगतो. काट्याचं विष यंत्राच्या वेगाप्रमाणे बदलतंय असं दिसलं की कुठेतरी दर फ्रेमला हिशोब होतोय हे ओळखावं.

मग कागद घेऊन पुरता हिशोब मांडला. मावळा ३२ पिक्सेल रुंद, काटाही ३२ रुंद. मावळा दर फ्रेमला ४ पिक्सेल चालतो. दोघांच्या कडा नुसत्या भिडल्या तर पायगेम ते 'लागणं' धरत नाही, एकमेकांवर यावं लागतं. तेव्हा मावळ्याचा पहिला पिक्सेल काट्यावर आल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत १५ फ्रेम होतात. पंधरा दाहे दीडशे. ताकद शंभर. कितीही चपळ माणूस कीबोर्डवर बसला आणि न थांबता धावत गेला, तरी एक काटा ओलांडून जिवंत राहणं अशक्यच होतं. मुलगा त्या दीडशेच्या आकड्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे आजोबांचा हात नव्हता." आम्ही म्हटलं, "नव्हता. तुझा किंवा माझा हात असता तरी हेच झालं असतं."

आता उपाय. इथे मुलं दोन चुकीच्या वाटांनी जातात, आणि आम्ही त्यांना जाऊ देतो, कारण योग्य उपायाची किंमत त्यानंतरच कळते.

पहिली वाट म्हणजे आकडा लहान करायचा. दहाऐवजी एक. मग काटा ओलांडायला १५ गुण पडतात, हे बरं वाटतं. पण काट्याच्या कोपऱ्याला मावळा जेमतेम घासून गेला तर एक-दोन गुण, आणि घाबरून काट्यावरच थबकला तर सेकंदाला ६०. म्हणजे जो बावरतो त्यालाच सगळ्यात जास्त शिक्षा, आणि बावरतात ते नवखे. एकक चुकलेलं असताना आकडा बदलून काही साधत नाही.

दुसरी वाट जास्त हुशारीची आहे. मागच्या फ्रेमला मावळा काट्यावर होता का, हे लक्षात ठेवायचं. मागे नव्हता आणि आता आहे, तरच दहा गुण काढायचे. आता टोचणं खरोखर घटना झाली. मुलाने तसं करून पाहिलं आणि मावळा छान वाचू लागला. पण त्याच्या धाकट्या बहिणीने पाच मिनिटांत त्याचं पितळ उघडं पाडलं. तिने मावळ्याला काट्यावर नेऊन उभं केलं, दहा गुण दिले, आणि तिथेच निवांत ठाण मांडलं! एकदा आत शिरलं की काटा गादीसारखा. याच्या उलट, काठावर उड्या मारणारा मावळा आत-बाहेर, आत-बाहेर होत दर वेळी नवा दंड भरत राहतो.

तेव्हा तिसरी वाट, जी खेळ करणाऱ्या लोकांनी फार पूर्वीच शोधून ठेवली आहे. काटा टोचला की दहा गुण काढायचे आणि त्याच क्षणी मावळ्याला थोडा वेळ अभय द्यायचं. तो काळ संपेपर्यंत काट्यावर असला तरी काही होत नाही. संपल्यावरही तो तिथेच उभा असेल तर पुन्हा दहा गुण, पुन्हा अभय. याला इंग्रजीत इन्व्हिन्सिबिलिटी फ्रेम्स म्हणतात, मुलं लाडाने आय-फ्रेम्स म्हणतात. आम्ही वर्गात 'अभयकाळ' म्हणतो. १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये शत्रूला धडकून मोठा मारिओ लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकत राहतो, तो हाच अभयकाळ. कोडमध्ये तो एवढासा असतो:

```python
now = pygame.time.get_ticks()
if player.colliderect(kaata) and now >= safe_until:
    health -= 10
    safe_until = now + 1000
```

`get_ticks` म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले. `safe_until` म्हणजे अभय कधीपर्यंत. टोचताच त्यात पुढच्या एका सेकंदापर्यंतची वेळ लिहून ठेवली. आता काट्यावर उभं राहिल्यास सेकंदाला ६०० नव्हे, दहाच गुण जातात. धावत ओलांडल्यासही दहाच, कारण ओलांडायला पाव सेकंद लागतो आणि अभय एक सेकंदाचं. शिवाय मंद लॅपटॉप असो की नवा, दंड तोच.

यातही एक सापळा आहे. `safe_until = 0` ही सुरुवातीची ओळ फेरीच्या बाहेर, वरती लिहायची असते. मुलं ती हमखास फेरीच्या आत लिहितात. मग दर फ्रेमला अभय पुसलं जातं आणि जुनं दुखणं जसंच्या तसं परत येतं. 'काका, तुमचा उपाय चालत नाही' अशी तक्रार आली की आम्ही आधी तीच ओळ शोधतो.

अभय आहे हे खेळणाऱ्याला दिसायलाही हवं, नाहीतर काटा कधी टोचतो आणि कधी नाही याचा काही पत्ता लागत नाही. म्हणून त्या काळात मावळ्याला लुकलुकवायचं, म्हणजे शंभर मिलिसेकंद दाखवायचं, शंभर लपवायचं. आजोबांसाठी ही बाब फार मोलाची ठरली. लुकलुकतोय तोवर घाई नाही, नीट बघून बाहेर पडायचं, एवढं त्यांना कुणी न सांगता कळलं.

अभयकाळ किती ठेवावा, यावर वर्गात बरीच वादावादी झाली. मोठ्या मुलांचं म्हणणं पाव सेकंद पुरे. पण काटा ओलांडायलाच पाव सेकंद जातो, आणि टोचलं हे कळून बोट हलायला माणसाला साधारण तेवढाच वेळ आणखी लागतो. म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी अभय हे नावापुरतंच. उलट ते फार लांबवलं तर दुसरी गंमत होते. एका सेकंदात मावळा २४० पिक्सेल धावतो, म्हणजे ओळीने लावलेले सात काटे. बहिणीने तेही शोधून काढलं: पहिला काटा मुद्दाम टोचून घ्यायचा आणि उरलेल्या रांगेवरून बिनधास्त पळत सुटायचं. मुरलेले खेळाडू हे जाणूनबुजून करतात. मुलाने शेवटी अभय एक सेकंदाचंच ठेवलं आणि काट्यांच्या रांगा मोडून ते दूर दूर लावले. आमच्या मते हा शहाणपणा होता.

अभय कशाकशापासून, हाही विचार करावा लागतो. या खेळात काट्यांबरोबर वरून दगडही गडगडत येतात आणि दगडाचे ४० गुण जातात. अभय सरसकट असलं तर दहा गुणांचा काटा टोचून घेऊन चाळीसचा दगड फुकटात चुकवता येतो. मुलं खेळतात त्या माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत यावर नेटका तोडगा आहे. मार लागल्यावर अर्धा सेकंद अभय असतं, पण त्या अवधीत आधीपेक्षा मोठा मार बसला, तर दोहोंतला फरक तेवढा वसूल होतो. काट्याचे दहा गेलेत, चाळीसचा दगड आला, तर आणखी तीस. मुलाने हाच नियम उचलला. दरीत पडणं मात्र अभयाच्या कक्षेत ठेवलं नाही. कड्यावरून खाली गेलेला मावळा लुकलुकत तरंगू लागला तर खेळाला अर्थ राहत नाही. १९८७ च्या पहिल्या मेगा मॅनमध्ये तर अणकुचीदार खिळे अभयकाळातही जीव घेत. पुढच्या भागांत तो नियम सैल केला गेला. म्हणजे हे ठरवणं खेळ रचणाऱ्याच्या हातात असतं, फक्त ते ठरवून केलेलं असावं.

एक मर्यादाही सांगायला हवी. `get_ticks` चं घड्याळ खेळ थांबवला तरी चालूच राहतं. आजोबांना भारतातून फोन आला, त्यांनी मावळ्याला काट्यावर लुकलुकत असताना थांबवलं, आणि परत येऊन खेळ चालू करताच दहा गुण गेले. अभय फोनवर बोलण्यात संपलेलं! यावर उपाय म्हणजे मिलिसेकंदांऐवजी फ्रेम मोजणे: टोचलं की ६० लिहायचे, आणि खेळ चालू असेल तेव्हाच दर फ्रेमला एक कमी करायचा. खेळ थांबला की मोजणीही थांबते. मंद यंत्रावर हा काळ लांबेल खरा, पण या खेळात मावळाही फ्रेमच्या हिशोबानेच चालतो. म्हणून अभयात तो तेवढंच अंतर कापतो, आणि खेळाचा न्याय बिघडत नाही.

शेवटी एका मुलीने विचारलेला प्रश्न. तिच्या खेळात तापलेल्या वाळूचं मैदान आहे. वाळूत जितका वेळ राहाल तितकं भाजावं, तर तिथे अभय कशाला? तिचं बरोबर आहे. काटा टोचतो, वाळू भाजत राहते. एकात मात्रा मोजायची, दुसऱ्यात दर. तिथे सेकंदाला वीस गुण असं ठरवून, मागच्या फ्रेमपासून जेवढा वेळ गेला तेवढ्याने गुणायचं, म्हणजे यंत्र कुठलंही असो, सेकंदाला वीसच जातात. दर फ्रेमला ताकद कमी होणं हे मुळात पाप नव्हे. काट्याला वाळूचा नियम लागला होता, एवढंच.

आजोबा जाण्याच्या आधीच्या रविवारी नगाऱ्यापर्यंत पोचले. नऊ काटे टोचले, दहा गुण शिल्लक होते. हात थरथरत होता तो थरथरतच होता. नातवाला त्यांनी विचारलं, "हा कुठला गड काढलायस?" नातू म्हणाला, "कुठलाच नाही, मनातला." मग आजोबांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला राजगडाच्या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला काढून दिला, आणि चोरदिंडी कुठे आहे त्यावर खूण केली. सध्या खेळाचा दुसरा भाग त्या पाकिटावरून चालू आहे. मुलगा दर रविवारी साताऱ्याला फोन करून पुढची वाट विचारतो, आणि मराठीत विचारतो, कारण तिकडे दुसरी भाषा चालत नाही.

ज्यांच्या घरी खेळ लिहिणारी मुलं आहेत आणि ज्यांचा नायक पहिल्याच अडथळ्यावर मरतो, त्यांनी ताकदीचा आकडा दर फ्रेमला छापून बघावा आणि तो कागद शनिवारी वर्गात घेऊन यावा. मुलं साडेअकरापर्यंत असतात, आणि चहा असतोच.